पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

वडील ७९ वर्षांचे, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. त्यांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर तीन वर्षं व्यवस्थित चालली. मार्चमध्ये जुना चार्जर बंद पडला, म्हणून तशाच पिनचा दुसरा आणला. आता रात्रभर लावला तरी सकाळी चार्जरचा दिवा लालच असतो, बॅटऱ्यांना हात लावला तर कोमट लागतात आणि रंकाळ्यावरून घरी येईपर्यंत चेअरवरचे चार्ज दाखवणारे दोनच दिवे उरतात. दुकानदार म्हणतो बॅटऱ्या गेल्या. खरंच बदलायच्या का? आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं बरोबर आहे का?

बॅटऱ्यांवर पैसे घालायच्या आधी चार्जर उलटा करा आणि त्याच्या पाठीवरचं स्टिकर वाचा. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की माझा पहिला संशय चार्जरवर जातो, बॅटरीवर नंतर. उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. गेली बारा-तेरा वर्षं त्यातला निम्मा वेळ व्हीलचेअर आणि ज्येष्ठांच्या स्कूटर दुरुस्तीतच जातो. "तशाच पिनचा दुसरा आणला" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच.

ती तीन काड्यांची गोल पिन मुळात माइकच्या वायरीची. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर असते तीच. व्हीलचेअरवाल्यांनी ती उचलली आणि काही इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनीही. त्यामुळे २४ व्होल्टचा लेड ॲसिड चार्जर, २४ व्होल्टचा लिथियम चार्जर आणि सायकलचा ३६ व्होल्टचा चार्जर, तिघेही तुमच्या चेअरच्या भोकात बिनबोभाट बसतात. पिन बसण्यावरून एवढंच कळतं की पिन बसली.

म्हणून आधी आपल्या चेअरमध्ये बॅटरी कुठल्या जातीची आहे ते ठरवा. तीन वर्षं वापरलेली, जड, न घडी होणारी चेअर असेल तर सीटखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी असतील, एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेल्या. या सीलबंद लेड ॲसिड. ३५ अँपिअर-अवर क्षमतेची एक बॅटरी दहा-अकरा किलो भरते, एका हाताने उचलताना खांदा सांगतो. घडी होणाऱ्या हलक्या चेअरमध्ये मात्र बहुतेक वेळा लिथियमचा डबा असतो, दोन-तीन किलोंचा, हँडल धरून ओढला की बाहेर येणारा. तुम्ही "बॅटऱ्या" असं अनेकवचनात लिहिलंय, म्हणून तुमची चेअर लेड ॲसिडची धरून पुढे सांगतो. पण डोळ्यांनी पाहून खात्री करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता बॅटरीचं स्टिकर. चांगल्या सीलबंद बॅटरीच्या पोटावरच चार्जिंगचे आकडे छापलेले असतात आणि ते कुणीच वाचत नाही. साधारण असं असतं: सायकल यूज १४.४ ते १५ व्होल्ट, स्टँडबाय यूज १३.५ ते १३.८ व्होल्ट, आणि खाली जास्तीत जास्त करंट. सायकल यूज म्हणजे दुचाकी नव्हे. रोज वापरून रिकामी करायची आणि रोज भरायची, त्याला सायकल म्हणतात. हा आकडा एका बॅटरीचा, आपल्याकडे दोन आहेत, म्हणून दुप्पट करा. याचा अर्थ चार्जरने भरताना २८.८ व्होल्टच्या आसपास किंवा थोडं वर जायचं आणि भरून झाल्यावर २७ ते २७.६ वर खाली यायचं. जेल बॅटरी असेल तर वरची मर्यादा आणखी थोडी खाली असते. तिथे बॅटरीवर छापलेला आकडाच शेवटचा. हे खाली येणं फार महत्त्वाचं. लेड ॲसिडचा चार्जर शेवटी पाय मागे घेतो. पूर्ण भरल्यावर नुसती धुगधुगी ठेवतो. हिरवा दिवा लागतो तो त्यावेळी.

लिथियमच्या चार्जरला हे शिकवलेलंच नसतं. सात सेलच्या लिथियम डब्याचा चार्जर असेल तर त्याच्या स्टिकरवर आउटपुट २९.४ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तो २९.४ पर्यंत चढतो, तिथेच थांबून राहतो आणि करंट अगदी थोडा झाला की बंद होतो. लिथियम डबा भरत आला की करंट झपाट्याने उतरतो, त्यामुळे तिथे सगळं ठीक. लेड ॲसिडचं, त्यातही तीन वर्षं जुन्याचं, तसं नाही. ती भरली तरी थोडा करंट पीतच राहते. चार्जरला वाटतं अजून भूक आहे. दिवा लाल तो लालच.

२९.४ हा आकडा लेड ॲसिडला विषारी आहे असं नाही. कित्येक चांगले लेड ॲसिड चार्जरही तासा-दोन तासासाठी तिथपर्यंत जातात. पाच-सहा तास तिथेच उभं राहणं वाईट. कारण तेव्हा आत गेलेली वीज साठत नाही, ती आतलं पाणी फोडते आणि उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून तुमच्या पत्रातली "कोमट" ही गोष्ट मला लाल दिव्यापेक्षा जास्त बोलकी वाटली. दोन-तीन अँपिअरने सावकाश भरणाऱ्या एवढ्या मोठ्या बॅटरीला गरम व्हायचं कारण नाही. पहाटे ती कोमट असेल तर भरणं कधीच संपलंय आणि आता नुसतं उकळणं चाललंय. सीलबंद बॅटरीत वरून पाणी घालता येत नाही, गेलेलं गेलं. आणि मार्च ते मे हा काळ याला आणखी वाईट, कारण उकाड्यात बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की २४ व्होल्टच्या जोडीला साधारण ०.४ व्होल्ट कमी द्यावे लागतात. थंडीत चालून गेलेली चूक एप्रिलमध्ये अंगाशी येते ती अशी.

गेल्या वर्षीची एक चेअर सांगतो, म्हणजे मोजमाप कसं करायचं तेही कळेल. राजारामपुरीतल्या एक आजी, रोज संध्याकाळी मैत्रिणींकडे जाणाऱ्या. ३५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. मूळ चार्जर ५ अँपिअरचा, तो पडून फुटला. नातवाने आणलेला नवा चार्जर २९.४ व्होल्ट, २ अँपिअर. तक्रार तुमच्यासारखीच.

आधी साधं गणित. आजींनी दिवसभरात निम्मी बॅटरी वापरली तर १७-१८ अँपिअर-अवर परत घालायचे. लेड ॲसिडमध्ये जेवढं काढलं त्यापेक्षा थोडं जास्त घालावं लागतं, म्हणजे २० धरा. ५ अँपिअरच्या चार्जरला मुख्य भरणाला साडेतीन-चार तास आणि शेवटच्या सावकाश टप्प्याला तीन-चार तास, रात्री नऊला लावला की पहाटे पाचपर्यंत काम फत्ते. २ अँपिअरवाल्याला नुसत्या मुख्य भरणाला नऊ-दहा तास. सकाळी सातला सून चेअर सोडवायची तेव्हा शेवटचा टप्पा सुरूही झालेला नसायचा. आणि पाऊस आला, आजी दोन दिवस घरीच बसल्या की तोच चार्जर दिवसरात्र लावून राहायचा आणि २९.४ वर उकळत बसायचा. एकाच चार्जरमुळे बॅटरीला आज उपवास, उद्या अजीर्ण.

चार्जर किती अँपिअरचा असावा यासाठी मी ढोबळ हिशोब असा धरतो की बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत. २० च्या बॅटरीला २ ते ४, ३५ ला ५, ७५ ला ८ अँपिअर. त्याहून मोठा चार्जर लावून लवकर भरायची घाई करू नका.

मग मल्टिमीटर. सकाळी चार्जर सुरू असताना आजींच्या जोडीवर २९.३ व्होल्ट. प्रत्येकी मोजले तर एकीवर १५.१ आणि दुसरीवर १४.२. इथेच कळलं की दोघींची चाल सारखी नाही. चार्जर काढून चेअर सहा तास तशीच ठेवली. हे थांबणं टाळू नका, कारण नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. सहा तासांनी एकीवर १२.९, दुसरीवर १२.३. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.८ च्या वर राहते, १२.२ म्हणजे निम्मी. त्यानंतर वजनाखाली परीक्षा: माझ्या मुलाला चेअरवर बसवून वर्कशॉपच्या उतारावरून वर चढवली आणि चढत असतानाच मोजलं. पहिली १२.४ ला टिकली, दुसरी १०.९ पर्यंत खाली गेली. चेअरचे दिवे जोडीचा एकत्रित आकडा दाखवतात, त्यामुळे एक आजारी पडली तरी दोघी मेल्यासारख्या दिसतात. दुकानदार खोटं बोलत नसतो, तो दिवे बघून बोलत असतो.

त्या मागे पडलेल्या एकटीला मी १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगळी रात्रभर ठेवली, मग जोडी परत जोडली आणि योग्य चार्जरवर चार रात्री पूर्ण भरू दिली. पाचव्या दिवशी विश्रांतीनंतर १२.९ आणि १२.७, चढावर १२.३ आणि ११.७. पूर्वीची मजल पूर्ण नाही आली, पाऊण आली. आजींना तेवढी पुरली आणि बॅटऱ्या पुढे आठ महिने चालल्या. तोवर पैशांची सोय झाली.

तुम्हीही याच क्रमाने जा. योग्य चार्जर, चार-पाच पूर्ण रात्री, मग मोजणी. त्यानंतरही एखादी बॅटरी विश्रांतीनंतर १२.५ च्या वर जात नसेल किंवा चढावर ११ च्या खाली कोसळत असेल तर बदला, आणि बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच मेकच्या, एकाच सुमाराच्या. नवी आणि जुनी जोडली की नवी जुनीच्या वळणावर जाते. मात्र बॅटरीची कूस फुगलेली दिसली, हात दहा सेकंद ठेववत नसेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर या परीक्षा करत बसू नका. भिंतीवरचं बटन बंद करा, चेअर मोकळ्या हवेत न्या, आणि ती जोडी पुन्हा चार्जरला लावू नका.

मोजताना हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना किंवा अंगठी दोन टोकांवर आडवी पडली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. एकदा माझ्या कारागिराच्या हातातल्या कड्याने हा धडा दिला, डाग अजून आहे.

नवा चार्जर घेताना दुकानात तीन गोष्टी बघा. स्टिकरवर लेड ॲसिड किंवा तिचेच प्रकार असलेल्या एजीएम, जेल यांपैकी एक शब्द हवा. अँपिअर वर सांगितल्याप्रमाणे हवे. आणि इनपुटमध्ये आपले २३० व्होल्ट बसायला हवेत, उदाहरणार्थ १०० ते २४०. ही तिसरी गोष्ट अमेरिकेतून मुलांनी पाठवलेल्या चेअर-स्कूटरच्या बाबतीत विसरू नका. तिकडच्या काही चार्जरवर ११५ आणि २३० असा छोटा सरकता खटका असतो, काही तर नुसते ११५ चेच असतात. आपल्या २३० ला लावले की एक आवाज येतो आणि विषय संपतो.

घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा, तिला मीटर लागत नाही. चार्जरची पिन चेअरला लावा, भिंतीवरचं बटन सुरू करा, चेअर चालू करा आणि जॉयस्टिक हलवा. चेअर जागची हलता कामा नये. बहुतेक चेअरमध्ये त्या तीन काड्यांपैकी पहिली पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह आणि तिसरी फक्त "चार्जिंग सुरू आहे, चालू नकोस" हा निरोप द्यायला असते. सायकलच्या चार्जरमध्ये ती तिसरी काडी अनेकदा नुसतीच लोंबत असते. मग माणूस वायर लावलेली असतानाच चेअर पुढे नेतो आणि पिनेसकट जॉयस्टिकचा डबा उखडतो. चार्जरचं आउटपुट थेट मीटरवर मोजायला जाल तर पुष्कळ वेळा शून्य दिसेल. त्याने घाबरू नका, शहाणे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय वीज सोडत नाहीत. याच शहाणपणामुळे, चेअर महिनोन्‌महिने पडून बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर चांगला चार्जरही तिला ओळखत नाही आणि दिवाच लागत नाही. लोक तेव्हा दुसरा चार्जर विकत घेतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रात्रभर लावून झोपण्याचा. लेड ॲसिड आणि तिच्या जातीचा चार्जर असेल तर हो, लावून झोपा, ती तशीच वापरायची असते. उलट रोज रात्री न लावणं हीच चूक. बाबा आज फक्त देवळापर्यंत जाऊन आले, चार दिवे अजून आहेत, मग उद्या लावू, असं म्हणून ती अर्धी ठेवली की आतल्या पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर धरतो आणि तो दर दिवशी घट्ट होत जातो. मोबाइलची सवय इथे आणू नका. दुपारी तासभर, संध्याकाळी अर्धा तास असे घास भरवण्यापेक्षा रात्री एकदाच सलग आणि हिरवा दिवा येईपर्यंत.

लिथियमचा डबा असेल तर माझं उत्तर नेमकं उलट. तो रात्री लावून झोपू नका. संध्याकाळी कुणी जागं असताना लावा, हिरवा झाला की काढा. त्याला अर्धं ठेवलं तरी चालतं, थर धरत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे. आतला सेल बिघडला तर आग वेगाने पसरते आणि ज्याला उठून पळता येत नाही त्याच्या खाटेशेजारी हे होऊ द्यायचं नाही. घरातून बाहेर पडायच्या वाटेत, म्हणजे जिन्याखाली किंवा पुढच्या दाराशी, तर कधीच लावू नका. फुगलेला किंवा पडून आपटलेला डबा मुळीच लावू नका.

रात्रीच्या क्रमाबद्दल एवढंच सांगतो की चेअर बंद करा, आधी चेअरकडची पिन लावा आणि मग भिंतीवरचं बटन सुरू करा. सकाळी उलट, आधी बटन बंद, मग पिन काढा. यामुळे पिनेत ठिणगी पडत नाही आणि काड्या काळ्या होत नाहीत. बटन बंद ठेवून पिन मात्र चेअरलाच अडकवून ठेवली तर काही चार्जर बॅटरीतून उलट थोडी थोडी वीज खातात. म्हणून दोन्ही काढा.

वयस्कर माणसाला यातलं अवघड काय जातं ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. पिन कुठल्या बाजूने बसते हे मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही, मग जोर लावला जातो आणि काडी वाकते. त्या आजींच्या सुनेने पिनेवर आणि भोकाशेजारी एकेक मोठी लाल टिकली चिकटवली. टिकलीसमोर टिकली आली की पिन बसते. मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच करायला सांगतो, इतका चांगला उपाय कंपन्यांना सुचला नाही. सॉकेट जमिनीलगत असेल तर वायरमनला बोलावून तीन फुटांवर घ्या, वाकताना तोल जाऊन पडण्यापेक्षा तो खर्च बरा. वायर पलंगावरून मोरीकडे जाण्याच्या वाटेत आडवी नको.

आणि रात्री बाबांना उठून चेअरने जावं लागत असेल तर त्यांना एक गोष्ट आधी समजावून ठेवा. मंगळवार पेठेतल्या एका काकांनी पहाटे तीनला चेअर हलेना म्हणून मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं. चेअर ठणठणीत होती, पिन काढायची राहिली होती. पिन काढली की चालेल, परत आलात की लावा, मधल्या पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

चार्जर फरशीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा. गादीवर, सोफ्यावर किंवा धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल टाकून नाही. त्याची जाळी झाकली की तो तापतो. लेड ॲसिड भरत येताना थोडा हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून चेअर बंद कपाटवजा खोलीत नको आणि देवघराशेजारी, जिथे समई-निरांजन लागतं, तिथेही नको. पेठांतल्या जुन्या घरांत मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घातलेला चार्जर. ती मोठी पिन अर्थिंगची आहे. चार्जरला वीज फार लागत नाही, ५ अँपिअरचा चार्जर घरच्या बाजूने एक अँपिअरच्या आसपासच ओढतो, त्यामुळे साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. पण ते घट्ट आणि अर्थिंग असलेलं हवं. तासाभराने प्लगला हात लावून बघा. प्लग गरम किंवा कडा तपकिरी झालेल्या दिसल्या तर सॉकेट ढिलं आहे. वीजबिलाची काळजी करू नका, ३५ अँपिअर-अवरची जोडी पूर्ण रिकामी केली तरी एका युनिटच्या थोडं वर जाते.

लाइट गेली तर? चार्जर थांबतो, आली की स्वतःहून पुन्हा सुरू होतो, बहुतेक चार्जर असेच असतात. नुसतं सकाळी घड्याळ न बघता दिवा बघा. चार तास लाइट नव्हती तर हिरवाही तेवढाच उशिरा येईल, तोवर चेअर सोडवू नका. इन्व्हर्टरवर चार्जर नको. एका बॅटरीतून काढून दुसरीत भरताना बरीच वीज वाटेतच सांडते आणि जुना, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर चार्जर गुरगुरतो आणि तापतो.

पावसाळ्यात ओली चेअर आली की आधी पुसा. चार्जिंगचं भोक बहुधा जॉयस्टिकच्या डब्याखाली असतं, तिथे थेंब लटकलेला असतो. तो कोरडा झाल्याशिवाय पिन नाही. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या चेअरची रांग लागली होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीला आलं की चेअर आणि चार्जर दोन्ही वर न्या, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. त्या वेळी बहुतेकांनी चेअर वाचवली आणि चार्जर खालच्या सॉकेटलाच राहिला. पाण्यात बुडालेली बॅटरी "वाळवून बघू" म्हणून लावायची नाही, आणि बुडालेला लिथियम डबा तर घरातही आणायचा नाही.

बाबा महिना-दोन महिने मुलीकडे जाणार असतील तर लेड ॲसिड पूर्ण भरून, चेअरचा ब्रेकर बंद करून किंवा फ्यूज काढून ठेवा आणि दर महिन्याला एक रात्र भरा. लिथियम असेल तर निम्मं भरून.

बदलायची वेळ आलीच, तर दुकानात "व्हीलचेअरची" म्हणून मागा आणि डीप सायकल शब्द बघा. कारची बॅटरी कधीच नको, ती क्षणभर जोर लावून गाडी सुरू करण्यासाठी बनलेली असते. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी सीटखाली नको, तिरकी झाली की ॲसिड सांडतं. यूपीएसची सीलबंद एसएमएफ बॅटरी मापाने बसते, स्वस्तही पडते आणि चालतेही, पण ती लाइट जाण्याची वाट बघत बसण्यासाठी असते, रोजच्या ये-जासाठी नाही, त्यामुळे लवकर दमते. नव्या जोडीची पूर्ण ताकद पहिल्या दहा-वीस चार्जिंगनंतर येते, तेव्हा पहिल्याच दिवशी पन्हाळ्याच्या चढावर परीक्षा घेऊ नका. दोन्हींवर मार्करने तारीख लिहा, आणि जुन्या बॅटऱ्या दुकानदाराकडेच द्या. शिशाला भाव असतो, बिलातून वजा करून घ्या.